कागदावर लालभडक रक्त. मोड दिसले म्हणतात, मग पूर्ण दुर्बीण कशाला?

कोपऱ्यातला · सोमवार, रात्री १०:४०

जेवताना वाचू नका, आधीच सांगतो.

वय ४७, पुणे, दिवसभर खुर्चीत बसायचं काम. गेल्या आठ-नऊ महिन्यांत तिसऱ्यांदा रक्त दिसलंय.

पहिल्यांदा नोव्हेंबरात. लग्नांच्या धावपळीत चार दिवस पोट साफ नव्हतं, मग दगडासारखा खडा, आणि काचेनं चिरल्यासारखी कळ. कागदावर रेघेसारखं रक्त. नंतर दीड-दोन तास धड बसता येत नव्हतं. फिशर म्हणाले. मलम, इसबगोल, टबात कोमट पाणी घेऊन बसणं. पाचेक आठवड्यांत बरं झालं.

दुसऱ्यांदा मार्चमध्ये, आणि तेव्हा दुखलं अजिबात नाही. ऑफिसात टिश्यू असतो म्हणून कळलं, घरी जेट मारला की सगळं वाहून जातं. रुपयाच्या नाण्याएवढा लालभडक डाग. तीन-चार दिवस आला आणि थांबला.

आता जुलैत आठवडाभर. परवा तर शेवटी दोन-तीन थेंब टपकले आणि भांड्यातलं पाणी गुलाबी झालं. घाबरून सर्जनकडे गेलो. त्यांनी बोटानं तपासलं, छोटी नळी घालून बघितलं आणि म्हणाले, "मोड आहेत, आतले, दुसऱ्या डिग्रीचे." इथवर ठीक. उठता उठता म्हणाले, "एकदा कोलोनोस्कोपी करून घ्या."

कारण सापडलंय ना? मग पुढे शोधायचं कशाला? बायको म्हणते करून टाक. धाकटा भाऊ म्हणतो, पैसे काढायचे धंदे. इथल्या कुणाला अनुभव?

---

निवांत_नाना · सोमवार, रात्री ११:१५

भाऊ बरोबर बोलतोय. मी तीस वर्षांचा मुरलेला मूळव्याधवाला आहे. साधा हिशेब: लालभडक म्हणजे खालचं, काळं म्हणजे वरचं. कॅन्सरचं रक्त काळपट असतं आणि शौचात कालवलेलं येतं. कागदावर, वरवर, ताजं लाल म्हणजे मोडच. सुरणाची भाजी, रोज ताक, रात्री एक चमचा इसबगोल. तिखट बंद. माझं दर उन्हाळ्यात येतं आणि पावसाळ्यात जातं.

---

मिथिला · मंगळवार, सकाळी ७:०५

बीट खाल्लं होतं का आदल्या दिवशी? मागे माझीही अशीच घाबरगुंडी उडाली होती. आणि मला रक्तवाढीच्या गोळ्या सुरू होत्या तेव्हा काळं व्हायचं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या लोहामुळे होतं, काही घाबरू नका.

---

कोपऱ्यातला · मंगळवार, सकाळी ७:३०

ताई, बीट आमच्या घरात येतच नाही. :) आणि काळं नाहीये, लाल आहे.

---

सुरी_कात्री · मंगळवार, दुपारी २:२०

मी सर्जन आहे, कोल्हापूरच्या बाजूला. तुमची तपासणी मी केलेली नाही, तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी धरू नका.

नानांचा अर्धा हिशेब बरोबर आहे. लाल म्हणजे खालचं, हे बहुतेक वेळा खरं. पण "खाली" फक्त मोड आणि चीर राहत नाहीत. गुदाशयही तिथेच आहे, मोठ्या आतड्याचा शेवटचा वीतभर भाग. तिथे गाठ असली तर रक्ताला काळं व्हायला वेळच मिळत नाही, ते ताजं लालच बाहेर येतं. आपल्याकडे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये गुदाशयाचा वाटा बराच मोठा आहे. त्यामुळे "कॅन्सरचं रक्त लाल नसतं" हे वाक्य मला फार महागात पडलेलं दिसतं. म्हणजे पेशंटला.

आता "कारण सापडलंय ना?" तुमच्या वयाच्या माणसांना ओळीनं उभं करून नळी घातली तर बऱ्याच जणांना मोड दिसतील, रक्त येत असो वा नसो. म्हणून मोड दिसले एवढ्यावरून रक्त त्यांचंच, असं ठरत नाही. रक्त येताना नळीतून प्रत्यक्ष दिसलं तर गोष्ट वेगळी, पण तसं क्वचित सापडतं. शिवाय ती नळी केवढी? चार बोटं आत जाते. आतडं जवळजवळ दीड मीटर आहे. तुमच्या सर्जननी जे बघितलं ते नीट बघितलं, पण त्याच्या पलीकडचं त्यांना दिसलेलंच नाही, आणि त्यांनी तसं प्रामाणिकपणे सांगितलं.

तुमच्या गोष्टीत मला खटकतं ते असं. नोव्हेंबरचं रक्त पुस्तकातलं फिशर आहे: खडा, चिरल्यासारखी कळ, नंतर तास-दोन तास ठणका, रेघेसारखं रक्त. तेवढंच असतं तर मीही मलम देऊन सोडलं असतं. मार्च आणि जुलैचं वेगळं आहे, न दुखता, परत परत. आतले मोड असंच करतात, हे खरं. गुदाशयातली गाठही सुरुवातीला असंच करते. या दोघांत फरक घरबसल्या रंगावरून करता येत नाही. म्हणून पंचेचाळीस ओलांडलेल्या माणसाला असं रक्त येत असेल तर मी पूर्ण दुर्बीणच सांगतो.

---

अनघा_नगर · मंगळवार, रात्री ९:५०

लिहू की नको करत होते. माझे सासरे, तेव्हा ५८. एसटी स्टँडसमोर "मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन" असा बोर्ड असतो ना, तशा एका ठिकाणी दोन वर्षं पुड्या खाल्ल्या. दोन वर्षांत तिथे एकदाही कुणी बोटानं तपासलं नाही. मामांनाही तेच बरं वाटायचं, लाज वाटायची त्यांना.

रक्तापेक्षा आम्हाला बाकीच्या गोष्टी दिसायला हव्या होत्या. सकाळी पाच-पाच वेळा जायचे आणि तरी "अजून राहिलंय" म्हणायचे. नुसता शेंबडासारखा चिकट भाग पडायचा. पट्ट्याला त्यांनी स्वतः खिळ्यानं नवं भोक पाडलं, आम्ही म्हटलं चालायला जातात म्हणून बारीक झाले. मग जिना चढताना धाप लागायला लागली, हिमोग्लोबिन ८.२. तालुक्याच्या डॉक्टरांनी हातमोजा घातला आणि अर्ध्या मिनिटात त्यांचा चेहरा बदलला. गाठ बोटालाच लागली.

रेडिएशन, केमो, ऑपरेशन, आठ महिने पोटावर पिशवी. आता ६३चे आहेत, शेतावर जातात. पण ते अर्धं मिनिट दोन वर्षं आधी आलं असतं तर, हे डोक्यातून जात नाही.

---

हिशेबी · बुधवार, सकाळी १०:१०

अनघाताईंच्या सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. पण प्रत्येक टिपक्याला दीड मीटर दुर्बीण घालायची ठरवली तर अर्धा महाराष्ट्र रांगेत उभा करावा लागेल. दुर्बिणीनं आतड्याला भोक पडतं असंही वाचलंय. तो धोका का सांगत नाही कुणी? आणि पंचेचाळीसच का? चव्वेचाळीसला आतडं काय सुट्टीवर असतं?

---

सुरी_कात्री · बुधवार, दुपारी ३:००

भोक पडतं, खरं आहे. नुसतं बघायची दुर्बीण असेल तर हजारात एखाद्याला किंवा त्याहून कमी. आतलं काही कापून काढलं तर थोडं जास्त. सही घेण्याआधी हे सांगितलंच पाहिजे, आणि डॉक्टरनं सांगितलं नाही तर विचारा.

पंचेचाळीसला आतड्यात घंटा वाजत नाही. वय वाढेल तसा धोका वाढत जातो, कुठेतरी रेघ मारावी लागते. अमेरिकेत ही रेघ आधी पन्नासला होती, तरुणांत हा कॅन्सर वाढतोय असं दिसल्यावर २०२१ मध्ये ती पंचेचाळीसवर आणली. पण ती रेघ कसलाही त्रास नसलेल्या माणसासाठी आहे. आपल्याकडे आतड्यासाठी अशी सरसकट सरकारी तपासणी नाही, सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड येतं. म्हणून "माझं काही दुखत नाही तरी करू का" हा प्रश्न आपल्याकडे वादाचा आहे आणि त्यात हिशेबी यांच्याशी मी थोडा सहमतही होईन. इथे मात्र माणूस रक्त घेऊन आलाय, तेही तिसऱ्यांदा. ही चाळणी नव्हे, तक्रारीचा तपास आहे.

---

लेस्टरवाली · बुधवार, रात्री ११:३०

इकडे इंग्लंडमध्ये मला (वय ५१) असंच रक्त दिसलं तेव्हा जीपीनं थेट दुर्बीण नाही सांगितली. आधी बोटानं तपासणी, मग एक किट दिलं. काडीनं शौचाला टोचायचं, बाटलीत बंद करायचं, पोस्टात टाकायचं. फिट टेस्ट म्हणतात, शौचातलं रक्त मोजते. आकडा दहाच्या खाली आला तर घाई नाही, वर गेला तर कॅन्सरच्या रांगेतून पटकन पाठवतात. माझा चार आला. तरी रक्त थांबेना म्हणून दोन महिन्यांनी अर्धी दुर्बीण केली, डाव्या बाजूपर्यंतची. मोडच निघाले, तिथेच रबर बँड लावले.

---

निवांत_नाना · गुरुवार, सकाळी ६:४५

हे बघा! गोऱ्यांचा देशसुद्धा साध्या चाचणीवर भागवतो. कोपऱ्यातले, ती काडीवाली चाचणी करा आणि गप्प बसा.

---

सुरी_कात्री · गुरुवार, दुपारी १:४०

नाना, लेस्टरवाल्या ताईंचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. आकडा कमी आला तरी रक्त चालू राहिलं म्हणून त्यांनी आत बघितलंच. तिकडे ती चाचणी आधी कुणाला पाठवायचं हे ठरवायला वापरतात, कारण रांग मोठी आहे. आणि "थांबलं नाही तर परत या" हे त्यात धरलेलं असतं. आपल्याकडे रिपोर्ट निगेटिव्ह आला की फाइल माळ्यावर जाते.

दुसरी गोंधळाची बाजू अशी, की डोळ्यांना रक्त दिसतंय त्याच दिवसांत नमुना दिला तर मोडाच्या रक्तानंही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. मग दुर्बीण करावीच लागते. माझ्या मते तुमच्या बाबतीत मधला थांबा घेण्यात अर्थ नाही. माझ्याच ओळखीतले एक-दोन सर्जन आधी अर्धी दुर्बीण करतात, त्यात पूर्ण उत्तर मिळालं तर थांबतात. ते चूक नाहीत. पण पंचेचाळीस ओलांडलं असेल तर मी पूर्णच करतो, कारण एवढा रेच घेऊन अर्ध्यातून परत यायचं मला पटत नाही.

---

कोपऱ्यातला · गुरुवार, रात्री १०:००

ठरलं. पुढच्या शनिवारची तारीख घेतली. हिमोग्लोबिन १३.४ आहे. रेच कसा असतो, कुणी केलंय?

---

अनघा_नगर · गुरुवार, रात्री १०:२५

मामांच्या वेळचं सांगते. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाजी, पेरू, टोमॅटो, तीळ, सगळ्या बिया बंद. पांढरा मऊ भात, पातळ वरण. आदल्या दिवशी दुपारनंतर फक्त गाळलेलं पाणी-पाणी: नारळपाणी, सफरचंदाचा गाळीव रस, बिनदुधाचा चहा. ताक चालत नाही हे आम्हाला उशिरा कळलं. लाल-जांभळं सरबत नको, आत रक्तासारखं दिसतं. रक्तवाढीची गोळी आधी बंद करायला सांगतात. आणि मधुमेहाची किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका, घेऊही नका आणि बंदही करू नका.

---

कोपऱ्यातला · नऊ दिवसांनी, शनिवार, रात्री ९:१५

झालं एकदाचं. सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पावडरीचं मोठं पाकीट, दोन लिटर पाण्यात. अर्धं शुक्रवारी संध्याकाळी सातला, अर्धं शनिवारी पहाटे चारला, कारण तपासणी दहाला होती. दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. चव म्हणजे समुद्रात बुळबुळीत काहीतरी ढवळल्यासारखी. फ्रिजमध्ये थंड करून, नाक दाबून, वर लिंबाची फोड चोखून घेतली. पहिला तास काहीच नाही, मी म्हटलं फुकट गेलं. मग जे सुरू झालं ते रात्री साडेदहापर्यंत. पहाटेच्या फेरीनंतर नुसतं फिकट पिवळं पाणी यायला लागलं. तिथल्या सिस्टरनं हेच विचारलं: "शेवटचं कसं होतं? गढूळ की लघवीसारखं स्वच्छ?" गढूळ असतं तर परत पाठवणार होत्या.

हातात सुई, कुशीवर झोपवलं, आणि मला पुढचं आठवत नाही. जाग आली तेव्हा पोट गच्च, वारा सरला की बरं वाटत होतं. बरोबर माणूस हवाच, गाडी चालवू देत नाहीत. बायको आली होती.

निकाल: आतले मोड, आधी सांगितले तेच. आणि सिग्मॉइडमध्ये, म्हणजे डाव्या बाजूच्या वळणावर, देठ असलेला १२ मिलिमीटरचा पॉलिप. फोटो दाखवला, छोट्या बोराएवढा, लालसर, देठावर लटकलेला. तारेचा फास टाकून तिथेच काढला आणि तपासायला पाठवला. दोन आठवडे जड उचलायचं नाही, लांबचा प्रवास नको, मनानं वेदनाशामक घ्यायचं नाही, रक्त जास्त आलं तर रात्री-बेरात्री लगेच यायचं.

आज तरी मी भावाशी बोललेलो नाही.

---

सुरी_कात्री · रविवार, सकाळी ११:००

बरं झालं. रिपोर्टमध्ये दोन गोष्टी बघा: दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठं आतडं जिथून सुरू होतं तिथपर्यंत, गेली असं लिहिलंय का, आणि आतडं किती स्वच्छ होतं त्याचा शेरा. हे दोन्ही नसेल तर "बाकी नॉर्मल" या शब्दांना फारसा अर्थ नसतो.

---

कोपऱ्यातला · पुढचा शुक्रवार, रात्री ८:३०

सीकमपर्यंत गेली, अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटोही आहे. तुकड्याचा रिपोर्ट आला: ट्यूब्युलर अॅडिनोमा, लो ग्रेड, कडा मोकळ्या. डॉक्टर म्हणाले कॅन्सर नाही, पण या जातीच्या पॉलिपमधूनच बऱ्याचदा पुढे, दहा-एक वर्षांनी, तो होतो. दहा मिलिमीटरच्या वर होता म्हणून तीन वर्षांनी परत बघायचं.

मला पडलेला प्रश्न: रक्त कुणाचं होतं? मोडांचं की पॉलिपचं?

---

सुरी_कात्री · शनिवार, दुपारी १२:१०

आता कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. एवढा, देठाचा, डाव्या बाजूचा पॉलिप घासला जाऊन रक्त देऊ शकतो. पण शेवटी थेंब टपकणं हे मोडांचं वागणं जास्त. मला विचाराल तर मोडांचं. म्हणजे रक्त एकाचं आणि सापडलं दुसरं, असंही असेल. इसबगोल चालू ठेवा, भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर तोच खडा करतो. आणि पुढे रक्त आलं तर "गेल्या वेळी बघितलंय" म्हणून सोडून देऊ नका, निदान बोटाची तपासणी तरी करा.

अजून एक. तुमच्या सख्ख्या भावाचं वय काय?

---

कोपऱ्यातला · शनिवार, दुपारी १२:४०

४४. का?

---

सुरी_कात्री · शनिवार, दुपारी १:०५

सख्ख्या भावंडात दहा मिलिमीटरच्या वरचा अॅडिनोमा निघाला की घरच्यांची रेघ पंचेचाळीसवरून चाळीसला येते, त्रास असो वा नसो. त्याच्या डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवायला सांगा.

---

पस्तिशीतली · शनिवार, दुपारी ४:२०

मी ३४. बाळंतपणापासून कधीमधी कागदावर रक्त, खडा झाला की दुखतं. मीही पूर्ण दुर्बीण करू का?

---

सुरी_कात्री · शनिवार, रात्री ८:५०

खडा, दुखणं आणि रेघभर रक्त असेल तर आधी बोटाची तपासणी, हिमोग्लोबिन, आणि सहा-आठ आठवडे फिशरचा नीट उपचार. त्यानं थांबलं तर ठीक. न दुखता येत राहिलं, हिमोग्लोबिन घसरलं, जायच्या वेळा बदलल्या, किंवा घरात कुणाला हा कॅन्सर असेल तर वयाकडे बघत बसू नका. तुमच्या वयातले रुग्ण मी बघितले आहेत.

---

निवांत_नाना · शनिवार, रात्री ९:३०

माझं वय ६६. तीस वर्षांत कुणी नळीपलीकडे बघितलेलं नाही. सुरण काय म्हणतं ते बघतो आधी.

---

अनघा_नगर · शनिवार, रात्री ९:४०

नाना!!

---

कोपऱ्यातला · रविवार, सकाळी ९:००

भावाला फोन केला. अर्धा मिनिट गप्प होता. मग विचारलं, "त्या पावडरीत लिंबू पिळलं तर चालतं का रे?"